बी विंगच्या गच्चीचे काम तुझ्याकडे सोपवत आहे

कोथरूड, पुणे
१२ एप्रिल २०२६

प्रति: मंदार, समिती सदस्य
प्रत: अध्यक्ष, खजिनदार शशिकांतराव, सोसायटीची फाइल

प्रिय मंदार,

मी १८ तारखेच्या रात्री न्यू जर्सीला मुलीकडे निघते आहे, जुलैअखेर परत येईन. बी विंगच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग तू बघावेस असे परवाच्या समितीच्या बैठकीत ठरले आणि तू हो म्हणालास. जिन्यात बोललेले प्रत्येकाच्या वेगवेगळे लक्षात राहते, म्हणून सगळे लिहून देते.

काम झाले असे कधी म्हणायचे, ते आधी. कोबा घातला, ठेकेदाराने सामान उचलले, म्हणजे काम झाले असे धरू नकोस. गच्चीतले पाणी सोडण्याचे सगळे पाइप कापडाचे बोळे घालून बंद करायचे, सखल बाजूला दोन इंच चढेपर्यंत पाणी भरायचे आणि ४८ तास तुंबवून ठेवायचे. त्यानंतर बी-४०१ ते ४०४ या चारही घरांत छताला आणि भिंतीच्या वरच्या कोपऱ्यांत ओल नाही, असे त्या-त्या घरमालकाने सही करून द्यायचे. मग पाणी सोडून दुसऱ्या दिवशी बघायचे, कुठे डबके राहता कामा नये. उतार चुकला की डबके राहते, आणि गेल्या वेळच्या कामाची खोड तीच होती. या दोन्ही गोष्टी जमल्या, राडारोडा आवाराबाहेर गेला आणि पाच वर्षांची हमी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हातात आली, की तुझी जबाबदारी संपली.

हे सगळे शुक्रवार २२ मेपर्यंत. तारीख उगाच घाईची नाही. गेल्या वर्षी २६ मेलाच मान्सून मुंबईत दाखल झाला होता, आणि वळवाचा पाऊस तर त्याआधीही पुण्याला झोडपतो. मागून मोजत ये: पाणी भरायचे १७ मेला सकाळी, त्याआधी कोब्यावर सात दिवस पाणी मारायचे, म्हणजे कोबा ९ मेला पुरा व्हायला हवा. काम २० एप्रिलला सुरू होईल. १ मेची सुट्टी आहेच, शिवाय मे महिन्यात लग्नसराईसाठी मजूर गावी जातात. ठेकेदार "माणसे दोन दिवसांत येतायत" म्हणाला तर तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाला स्वतः फोन लाव.

एका गोष्टीवर तडजोड नको. गच्ची दोन भागांत करायची. पहिल्या भागाचा कोबा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्या भागाचा जुना थर फोडू द्यायचा नाही. सगळी गच्ची एकदम फोडली की ठेकेदाराचे चार दिवस वाचतात, आणि तेवढ्यात एक वळीव आला की खालच्या चार घरांचे पंखे, कपाटे, गाद्या जातात. ताडपत्री कामाच्या पहिल्या दिवसापासून गच्चीत हवी, मागवतो म्हटलेली चालणार नाही.

आता पैसे. विशेष सर्वसाधारण सभेने जीएसटी धरून ४,२०,००० रुपये मंजूर केले आहेत. ठेका २,४०० चौरस फुटांचा, १४० रुपये दराने ३,३६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ३,९६,४८०. हातात उरतात २३,५२०. यातले १०,००० पर्यंतचे जादा काम (फुटलेला पाइप बदलणे, कठड्याच्या कडेचा वाटा नव्याने भरणे) तू कुणालाही न विचारता मंजूर कर, फक्त ठेकेदाराकडून दर आधी लिहून घे. त्यापुढे २३,५२० पर्यंत शशिकांतरावांची लेखी संमती हवी, व्हॉट्सॲपवरची चालेल. त्याच्याही वर गेले तर काम तिथेच थांबवून समितीकडे यायचे, कारण तो अधिकार माझ्याकडेही नाही. पाण्याच्या टँकरचा खर्च या रकमेत धरू नकोस, तो देखभाल खात्यातून जाईल. दहा हजार लिटरचा एक पुरेल. मे महिन्यात टँकरवाले ऐनवेळी मिळत नाहीत, तेव्हा १० तारखेलाच सांगून ठेव.

हप्ते चार: सुरुवातीला २० टक्के, पहिला भाग पुरा झाल्यावर ३०, पाण्याची चाचणी पार पडल्यावर ४०, आणि शेवटचे १० टक्के पावसाळा संपल्यावर, ३० सप्टेंबरनंतर. कामाचा टप्पा झाला की नाही हे तू ठरवायचे आणि बिलावर सही करायची. चेक अध्यक्ष आणि शशिकांतराव काढतील, टीडीएसही तेच कापतील. रोखीने एक रुपयाही नाही. मजुरांच्या चहापाण्यासाठी ठेकेदार उचल मागेल, ती त्याची त्याने बघावी.

कामाची वेळ, मालाची जागा, सोलरचे पाइप आणि डिशचे ॲन्टेना हलवणे, रहिवाशांना सूचना लावणे, वरच्या टाकीचे पाणी चार तासांपर्यंत बंद ठेवणे, खराब विटा किंवा सिमेंट परत पाठवणे, काम बंद पाडणे: हे सगळे तुझ्या अखत्यारीत. कुणी "सेक्रेटरींना विचारलंत का?" म्हणाले तर हे पत्र दाखव. पद्धत बदलणे मात्र तुझ्या हातात नाही. मध्येच "कोब्याऐवजी मेम्ब्रेन टाकू, लवकर होईल" असा प्रस्ताव येईल. ते गॅसच्या बर्नरने तापवून चिकटवतात, आणि गच्चीत सोलरच्या पाइपांवर जुने फोम गुंडाळलेले आहे. नाही म्हणून सांग. ४०३ मधल्या न्हाणीघराची गळती याच पैशात करून द्या अशीही मागणी येणार, ती दरवर्षी येते. तो त्यांच्या घराचा खर्च आहे. वाद घालत बसू नकोस, अध्यक्षांकडे पाठव.

जुना थर काढल्यावर कुठे स्लॅबची सळई उघडी पडलेली, गंजलेली दिसली, तर तेवढ्या भागातले काम लगेच थांबव. ठेकेदार म्हणेल, वरून गिलावा मारून देतो. मारू द्यायचा नाही. फोटो काढ आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव. त्यांची फी समितीने मंजूर केलेली आहे, पुन्हा विचारायची गरज नाही.

माझ्याशी बोलणे दर रविवारी संध्याकाळी साडेसातला, तेव्हा माझ्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. २६ एप्रिल, ३ मे, १० मे आणि १७ मे. तीनच गोष्टी सांग: ठरल्यापेक्षा किती पुढेमागे आहोत, किती पैसे गेले, पुढच्या आठवड्यात काय अडेल. रोजचे फोटो मला नकोत, बी विंगच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस, नाहीतर तिथे चाळीस अभियंते तयार होतील. फोटो तीन वेळा काढून फाइलला लाव: थर काढल्यावर, कोब्याच्या आधी आणि पाणी भरल्यावर. अपघात झाला, सळई दिसली किंवा गच्ची उघडी असताना पाऊस आला, तर रविवारची वाट न बघता कधीही फोन कर. मी उचलला नाही तर अध्यक्षांना कर, त्या वेळी त्यांचा शब्द अखेरचा.

तुझ्या कंपनीचे काम ऐन मेमध्ये वाढते हे मला माहीत आहे. दोन दिवसांहून जास्त बाहेर जाणार असशील तर सहसचिव सुनीताताईंना फाइल आणि गच्चीची किल्ली देऊन जा. त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे.

वाचून १५ तारखेपर्यंत उत्तर दे. एखादी तारीख किंवा रक्कम पटत नसेल तर आताच सांग, १७ तारखेला संध्याकाळी ठेकेदार वर्क ऑर्डरवर सही करायला येणार आहे. त्या वेळी तूही ये, मोजमाप तुझ्यासमोर होऊ दे.

वासंती
सचिव