यंदाच्या महोत्सवासाठी नवे कार्यक्रम : प्रस्ताव

आदरणीय मॅडम आणि मंडळाचे सर्व सभासद,

अंताक्षरी, ट्रेझर हंट, मेंदी, ग्रुप डान्स. गेल्या तीन वर्षांच्या पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या तर फक्त साल बदललेलं दिसतं. गेल्या वर्षी ग्रुप डान्सच्या प्राथमिक फेरीला प्रेक्षकांपेक्षा स्पर्धक जास्त होते आणि तेही आपला नंबर होईपर्यंतच थांबले. यंदा अंताक्षरी आणि ट्रेझर हंटला सुट्टी देऊन त्यांच्या जागी हे तीन कार्यक्रम घ्यावेत, असं सुचवते.

पहिला, गॅलरी नाटक. आपली इमारत जुन्या चाळीसारखीच आहे : मधे चौक, भोवती मजल्यामजल्यावर गॅलऱ्या. नट गॅलरीत, प्रेक्षक चौकात. माइक नाही, नेपथ्य नाही, वेळ १२ मिनिटं. मागच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत करून पाहिलं. आमच्यातल्या एकीने दुसऱ्या मजल्यावरून खाली हाक मारली, "अगं, पाणी गेलं का गं तुमच्याकडे?" कॅन्टीनच्या रांगेतल्या सगळ्यांच्या माना वर. रांगेतूनच एकजण ओरडला, "आमच्याकडे आलंच कुठे होतं!" तो आमच्या गटातला नव्हताच. असंच नाटक हवंय. तिसरा मजला वापरायचा नाही आणि कठड्यावर कुणी चढलं की संघ बाद, हे दोन नियम मात्र पक्के.

दुसरा, शक्ती-तुरा. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी जाखडी ही नाचगाण्याची लोककला मुंबईत आणली आणि तिचे सामने इथल्या नाट्यगृहांत आजही रंगतात. एक बाजू शक्तीची, दुसरी तुऱ्याची म्हणजे शिवाची. गाण्यातून सवाल टाकायचा, गाण्यातूनच जवाब घ्यायचा. आपण रचना तीच ठेवू, विषय आपले घेऊ. पश्चिम रेल्वे विरुद्ध मध्य रेल्वे घेतलं तर हॉल आवरणं कठीण जाईल! विषय १५ मिनिटं आधी मिळेल. ढोलकी आणि झांज मंडळाची, रेकॉर्डेड ट्रॅक चालणार नाही. ग्रंथालयातले आपले शिपाईकाका गावच्या मंडळात गातात. परीक्षक म्हणून तेच हवेत, आणि मानधन इतर परीक्षकांइतकंच. जाखडीला हसून तिची नक्कल करणाऱ्यांचे गुण कापायचे, हे नियमावलीत आधीच लिहू.

तिसरा कार्यक्रम छोटा आहे, डब्यातलं भजन. लोकलमधल्या भजनी मंडळींसारखे आठजण, खडूने आखलेल्या दोन बाकांएवढ्या जागेत. टाळ आणि हाताखाली येईल तो पत्रा. अभंग, गवळण, स्वतः रचलेलं, काहीही चालेल. तीन मिनिटं झाली की 'पुढील स्टेशन' अशी घोषणा आणि पुढचा संघ आत घुसणार.

तिन्हींचा मिळून अंदाजे खर्च १८,००० रुपये : वाद्यांचं भाडं, मानधन, बक्षिसं. गेल्या वर्षी एकट्या डीजेचे ४०,००० गेले. डीजे बंद करा असं म्हणत नाही, म्हटलं तर वर्गात बसू देणार नाहीत.

शनिवारच्या बैठकीत गॅलरी नाटकाच्या एका सरावाला परवानगी मिळावी. चौक दुपारी दोन ते तीन मोकळा असतो. त्या वेळी पहिल्या मजल्यावरच्या दोन वर्गांत तास नसतात, हे ऑफिसात विचारून घेतलंय.

आपली,
सहसचिव, सांस्कृतिक मंडळ
तृतीय वर्ष कला