पहिला खेळाडू लवकर शोधा

मित्रमैत्रिणींनो, नमस्कार!

गेम डिझाइन क्लबच्या वतीने तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. २६ टीम, ७८ जण आणि गेम बनवायला ४८ तास. यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी आजवर एकही गेम बनवलेला नाही, हे नोंदणीचे अर्ज वाचताना कळलं आणि मला फार आनंद झाला.

मागच्या वर्षी मी तुमच्यासारखीच तिथे खाली बसले होते. आमच्या टीमने उड्या मारत पुढे जायचा गेम केला. चित्रं सुंदर, संगीत सुंदर. चाळिसाव्या तासाला शेजारच्या टीममधल्या एका मुलीच्या हातात फोन दिला, तर ती तिसऱ्याच अडथळ्यावर पुन्हा पुन्हा मरत होती. उडीचं बटण आम्ही खाली उजवीकडे ठेवलं होतं आणि अडथळे येत होते तेही उजवीकडूनच. तिच्या अंगठ्याखाली ते झाकले जात होते! आम्ही लॅपटॉपवर माउसने खेळून बघत होतो, म्हणून आम्हाला ते दिसलंच नव्हतं. बदलायला वेळ उरला नव्हता.

म्हणून यंदा एक नियम नवा आहे. उद्या सकाळी १० वाजता प्रत्येक टीमने आपला गेम, जसा असेल तसा, दुसऱ्या टीमच्या हातात द्यायचा. रंगवलेले चौकोन असले तरी चालतील. ते खेळत असताना तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. "इथे दाबा" म्हणावंसं वाटेल, खूप वाटेल. पण तिथेच तुमचा गेम अडतोय, तेवढं वहीत लिहून घ्या.

१९९७ मध्ये नोकिया ६११० वर 'स्नेक' आला. तो लिहिणाऱ्या तानेली अर्मांतो यांच्या लक्षात आलं की वेग वाढला की साप भिंतीवर फारच पटकन आपटतो. त्यांनी आपटण्याआधी काही मिलिसेकंदांची उसंत ठेवली, म्हणजे शेवटच्या क्षणीही वळता यावं. खेळणाऱ्याला ती जाणवतही नाही. त्याला वाटतं, वाचलो! मला विचाराल तर डिझाइन म्हणतात ते हेच.

बाकीचं थोडक्यात. इंजिन कोणतंही वापरा. गेम एका हाताने खेळता आला पाहिजे, आवाज बंद असला तरी कळला पाहिजे आणि फक्त लाल-हिरव्या रंगांच्या फरकावर चालता कामा नये. रविवारी संध्याकाळी ६ ला एपीके जमा करायची. परीक्षक साध्या, जुन्या फोनवर खेळणार आहेत, तेव्हा तशाच फोनवर तपासा. कुठे अडलात तर आमचे स्वयंसेवक रात्रभर लॅबमध्ये आहेत. आणि झोपा, खरंच सांगते, थोडं तरी झोपा.

आता हा लिफाफा. आतला विषय मलाही माहीत नाही, तो परीक्षकांनी ठरवलाय. उघडते हं...

विषय आहे: "सावली".

घड्याळ सुरू!