सुजे, आज १९ जुलै

सुजे, सकाळीच मेसेज टाकणार होते, पण म्हटलं सकाळची तुझी डब्यांची गडबड असते, त्यात आज काकूंजवळ बसायचं असेल, म्हणून आत्ता दुपारी निवांत लिहितेय. तिथीनं तुमच्याकडं श्राद्ध दोन-चार दिवस मागंपुढं असतं हे माहितीये मला, पण माझ्या डोक्यात ही तारीखच बसलीय. आज तुझ्या बाबांना, माझ्या कंडक्टर काकांना, जाऊन आठ वर्षं झाली. मला मोजावीसुद्धा लागत नाहीत बघ, आमच्या बारक्याला पुढच्या महिन्यात आठ पूर्ण होतील, काका गेले तेव्हा तो पोटात होता.

रिप्लाय लगेच नको देऊस, नाही दिलास तरी चालेल. मोठा मेसेज आहे, रात्री सगळे झोपल्यावर वाच.

दिवाळीत फोनवर तू एक बोलली होतीस ते माझ्या मनातनं जातच नाही. म्हणालीस, पहिल्या वर्षी सगळे बाबांबद्दल बोलायचे, आता घरात कुणी बाबांचं नावच काढत नाही, मला त्रास होऊ नये म्हणून सगळे जपून वागतात आणि त्याचाच जास्त त्रास होतो. मी तेव्हा नुसतं हं हं केलं. फोन ठेवल्यावर वाटलं, अगं मी तरी कुठं काढते नाव. मीपण तुला बरी आहेस का, काकूंचं गुडघ्याचं काय, एवढंच विचारते. म्हणून आज काकांबद्दलच लिहितेय, दुसरं काही नाही.

तू नेहमी म्हणायचीस ना की बाबा मला फार मिळालेच नाहीत, ड्युटी मुक्कामी गाडीवर, सणासुदीला जादा गाड्या, घरी आले की नुसते झोपलेले. खरं आहे ते. पण सुजे, तुला जे काका मिळाले नाहीत ते मला मिळालेत. तीन वर्षं, कॉलेजातनं घरी जाताना, रोज संध्याकाळी पावणेसातच्या गाडीला. ते तुझे आहेत, तुला द्यायला पाहिजेत.

कराड स्टँडवर गाडी लागली की काका आधी खाली उभे राहायचे. मंडईतनं येणाऱ्या बायकांच्या पाट्या स्वतः हात लावून आत घ्यायचे, मग चढायचे. गळ्यात ती चामड्याची बॅग, हातात तिकिटाचा ट्रे, आणि पंच दांडीवर टकटक वाजवत मागनं पुढं. गाडीत पाय ठेवायला जागा नसायची तरी कुणाच्या अंगाला अंग लागू न देता ते कसे सरकायचे कुणास ठाऊक. आणि आम्हा पोरींना नेहमी पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटजवळ उभं करायचे. कुणी आगाऊपणा करायला लागला की काही बोलायचे नाहीत, नुसते त्याच्या आणि आमच्या मधे येऊन उभे राहायचे आणि तिथंच उभं राहून सगळ्या गाडीची तिकिटं फाडायचे, लोकच हातोहात पैसे पुढं द्यायचे.

आणि सुट्टे! तेवढं तर अख्ख्या पाटण लाइनला माहिती होतं. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचे, ते सगळेच कंडक्टर देतात, पण उतरायच्या गडबडीत माणूस विसरतो आणि राहून जातं. काका विसरायचे नाहीत. मल्हारपेठ जवळ आली की ओरडायचे, "कुणाचं सुट्टं ऱ्हायलंय का, मागून घ्या, माझ्या डोक्यावर ठेवू नका." मी आता दुकानात बसते ना, एक-दोन रुपयांच्या जागी गोळी-चॉकलेट देणं मला जमतच नाही. हे म्हणतात लोकांना चालतं की. मला नाही चालत. गल्ल्यात नाण्यांची डबी वेगळी ठेवलीय.

आता जे सांगतेय ते तुला माहिती नसणार. काकांच्या ट्रेच्या झाकणाला आतनं, तिकिटं संपली की दिसेल असा, एक कागद चिकटवलेला होता. तुझ्या बारावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स, घडी घालून घालून पार मऊ झालेली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाच लाज वाटली, कुणाचं तरी खासगी बघितल्यासारखं. काका म्हणाले, "सुजीला सांगू नगो, रागवंल." आणि लगेच शेजारच्या म्हाताऱ्याला सांगायला लागले की गणितात किती पडलेत. तू घरी म्हणायचीस बाबा कधी शाब्बास म्हणत नाहीत. अगं निसऱ्यापासनं हेळवाकपर्यंत सगळ्यांना पाठ होते तुझे मार्क.

आणि ती बेल. हे मी कुणालाच कधी नीट सांगितलेलं नाही.

आमच्या फाट्यावर उतरलं की घर आत आहे, तीनेकशे पावलं, मधे उसाची दोन रानं. थंडीपावसात साडेसातलाच मिट्ट काळोख. आई नाहीतर अण्णा बॅटरी घेऊन बांधावर उभे असायचे. काका मला उतरवायचे, स्वतः दारात उभे राहायचे, आणि बांधावरची बॅटरी हलली की मगच डबल बेल मारायचे. रोज. गाडी भरलेली, मागनं लोक ओरडतायत चला की ओ कंडक्टर, ड्रायव्हर आरशातनं बघतोय, पण बॅटरी दिसल्याशिवाय बेल नाही. मला आधी आधी ऑकवर्ड व्हायचं, सगळी गाडी माझ्यासाठी खोळंबलीय म्हणून. नंतर सवय झाली, चालता चालता पाठीमागं टिंग टिंग ऐकू आलं की कळायचं आता आईला आपण दिसलो.

२००५ चा जुलै आठवतोय? २६ जुलैला मुंबई बुडाली आणि इकडं आपल्याकडंपण पाऊस हटत नव्हता, गाड्या बंद होत्या. सुरू झाल्या त्या पहिल्याच दिवशी मी कॉलेजला आले, जर्नल सबमिट करायचं होतं, आईनं नको म्हटलेलं तरी आले. परत येताना फाट्यावर उतरले तर बांधावर बॅटरी नाही. लाइट गेलेली, अण्णा तापानं पडलेले, आणि आईला वाटलं आज गाडी येणारच नाही. मी म्हटलं जाते काका, रोजचाच रस्ता आहे. काकांनी ड्रायव्हरला एवढंच सांगितलं, "जरा उजेड पाड." आणि ड्रायव्हरनं गाडी तिरकी घेतली, हेडलाइटचा उजेड आमच्या वाटेवर पडेल अशी. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला दारातच काढल्या, पैशाची बॅग शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि माझ्या पुढं चालायला लागले. माझी जर्नलची पिशवीपण त्यांच्याच डोक्यावर. वाटेवर घोटाभर पाणी होतं. मधे एकदा थांबून म्हणाले, "मी पाय ठेवतो तितंच ठेव." बास, बाकी काही नाही.

आई दार उघडून बघतच राहिली. चहा टाकते म्हणाली तर काका म्हणाले, "गाडी हुबी हाय ताई, माणसं हायती," आणि त्याच पाण्यातनं परत गेले. मी ओल्या केसानं दारात उभी होते. हेडलाइट सरळ झाले, मग डबल बेल आली. त्या दिवशी तेवढ्या पावसात ती ऐकू आली हे आईला आजही खरं वाटत नाही, पण मला आली.

तेव्हा तू कराडला घरी एकटी, काकू माहेरी, आणि तुला भीती वाटत होती असं तू नंतर एकदा सांगितलं होतंस. माझ्या बाबांना माझ्यासाठी वेळ नव्हता असं तू म्हणत नाहीस पण ते मनात असणार, मला कळतं. मी त्यावर काय बोलू. फक्त एवढं सांगते की त्या वाटेवर ते मला "सुजी" म्हणाले दोनदा. आधी चुकून. दुसऱ्यांदा मी ओ दिली.

२०१७ ला मी आले नाही याचं मला अजून लागतं. आठवा लागला होता, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, घरचे सोडेनात. हे आले होते. म्हणाले प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना दोन्ही भरून, खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या, सगळं वरच्या पायरीवर उरकावं लागलं, आणि डेपोची माणसं ड्युटीवरनं तशीच खाकी कपड्यात आलेली. मी घरी बसून घड्याळ बघत होते. तुला फोनवर काहीतरी बोलले, काय ते आठवतही नाही. समजून घेतलंस, पण मला ते सांगायचं होतं.

मे महिन्यात माहेरी गेलेले तेव्हा फाट्यावर ती पाटीवाली आज्जी भेटली, भाजी न्यायची बघ कराडला, नाकात मोठी नथणी. मला ओळखलंन आणि पहिला प्रश्न काय, "त्ये कंडाक्टर हुते सुट्टं देणारे, त्ये कुठं असत्यात आता?" रिटायर होऊन दोन वर्षांत गेले म्हटलं. आज्जी पाटी खाली ठेवून तिथंच बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाटी वर घ्याला त्येंचा हात लागला की वजन कळायचं न्हाय." तिला तुझं माझं काही नातं माहिती नाही, तिच्या घरी कुणी सांगायलापण नाही, आणि तरी तिनं काकांसाठी रस्त्याच्या कडेला बसून घेतलं. म्हटलं हे सुजीला कळायलाच पाहिजे.

आणि एक, फोटो पाठवलाय तो बघ. जुनी जर्नलं रद्दीत द्यायला काढली, त्यात हे तिकीट निघालं. पहिल्या तारखेला पास संपलेला म्हणून तिकीट काढलं असणार. पुढचं छापील पार पुसट झालंय, पण मागं बॉलपेननं लिहिलेलं वाचता येतंय, "३ बाकी" आणि खाली ती आडवी रेघ. काकांचंच अक्षर आहे ना? तीनला ते वरनं अशी गाठ मारायचे. ते तीन रुपये त्यांनी दुसऱ्या दिवशी मी न मागताच हातावर ठेवलेले, तिकीट बघायलापण मागितलं नाही, म्हणून ते माझ्याकडंच राहिलं.

कुरियरनं पाठवायची भीती वाटते, कागद फार पातळ आहे. पुढच्या रविवारी मी पुण्यात येतेय, हातातच देते. काकूंना आधी सांगू नको, मला त्यांच्यासमोर काढायचंय. येताना शेंगदाण्याची चटणी कुटून आणते, जाडसर, लसूण जास्त, काका डब्यात आणायचे तशी. काकूंना म्हणावं भाकरीचं पीठ तेवढं भिजवा.

वैशाली