कोणाच्या खांद्यावर? इयत्ता चौथीसाठी वाचनपाठ आणि कृतज्ञता-नोंदवही

(मिरज तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मूल्यशिक्षणाच्या दोन तासिकांत वाचण्यासाठी आणि त्यानंतर तीन आठवडे लिहिण्यासाठी)

मुलांनो, आषाढ महिन्यात आपल्याकडे बेंदूर असतो. सीमेकडच्या काही गावांत तो ज्येष्ठातच होतो, त्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत हाच सण श्रावणी अमावास्येला पोळा या नावाने येतो. बेंदराच्या दिवशी बैलाला आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल टाकतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात, हे तुम्ही सर्वांनी पाहिलेले किंवा घरच्यांकडून ऐकलेले आहे. परंतु आदल्या संध्याकाळी गोठ्यात जे घडते, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. घरातील मोठे माणूस बैलाजवळ जाते आणि त्याच्या खांद्याला हळद आणि तेल किंवा लोणी लावून तो खांदा हळूहळू चोळते. वर्षभर जू वाहून तेथे घट्टा पडलेला असतो, तेथील कातडी जाड आणि खरखरीत झालेली असते. याला खांदमळणी म्हणतात.

बैलाला कोणी ‘आभारी आहे’ असे म्हणत नाही. म्हटले तरी त्याला ते कळणार नाही. मात्र ज्या जागी ओझे पडले, नेमक्या त्याच जागी माणसाचा हात फिरतो आणि दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर जू ठेवले जात नाही. आजच्या पाठात आपल्याला हेच शोधायचे आहे: आपल्याला जे मिळते, त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडलेले असते आणि वेगवेगळ्या धर्मांतील माणसे ते कसे ओळखतात?

‘कृतज्ञ’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘केलेले जाणणारा’ असा आहे. आपण बोलताना ‘जाण ठेवणे’ म्हणतो, तेही हेच. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आणि ‘पांग फेडणे’ हे वाक्प्रचारही तुम्ही आजीच्या तोंडून ऐकले असतील. या तिन्हींत तोंडाने काही म्हणायला सांगितलेले नाही, हे लक्षात घ्या. एखाद्या घरात आईला ‘धन्यवाद’ म्हटले, तर ती प्रथम आपल्या कपाळाला हात लावून ताप आला आहे का ते पाहील.

हिंदू परंपरेत माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो असे मानले आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे सांगितलेली आहेत. ऋषींचे ऋण पैसे देऊन फिटत नाही, ते अभ्यास करून फेडायचे असते, म्हणजे ज्यांनी ज्ञान मिळवून ठेवले त्यांचे ते ज्ञान आपण शिकलो की त्यांचे उतराई होता येते. दसऱ्याला सुतार आपली करवत पुजतो, शेतकरी अवजारे पुजतो आणि तुम्ही पाटी-पुस्तके पुजता.

अडीच हजार वर्षांपूर्वी गौतम बुद्धांना बोधिवृक्षाखाली ज्ञान प्राप्त झाले. त्यानंतर त्यांनी त्या झाडाकडे पापणी न लववता एक आठवडाभर पाहिले, असे बौद्ध परंपरा सांगते. झाडाने सावली दिली होती, एवढेच त्याचे काम होते. पण तेवढ्याचीही जाण ठेवली गेली. पाली भाषेत कृतज्ञ माणसाला ‘कतञ्ञू’ म्हणतात. याच परंपरेतील सिगाल नावाच्या तरुणाची गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

सिगाल रोज सकाळी राजगृह नगराबाहेर येत असे आणि ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करत असे. चार बाजू, एक वर आणि एक खाली. बुद्धांनी त्याला विचारले, की हे तू का करतोस? वडिलांनी मरताना सांगितले म्हणून, असे त्याने उत्तर दिले. तेव्हा बुद्धांनी त्याला त्या दिशांचा अर्थ समजावून दिला. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे सत्पुरुष आणि पायाखालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे. या शेवटच्या दिशेला नमस्कार कसा करायचा, हेही त्यांनी सांगितले: त्यांना झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्यांची काळजी घ्यावी. नमस्कार म्हणजे नुसते हात जोडणे नव्हे, हे सिगालला त्या सकाळी कळले. ही सहावी दिशा आपल्याला पुढे वहीत लागणार आहे.

मुस्लिम घरांत जेवणाच्या आरंभी ‘बिस्मिल्लाह’ आणि जेवण झाल्यावर ‘अल्हम्दुलिल्लाह’, म्हणजे सर्व स्तुती अल्लाहची आहे, असे म्हणतात. कुराणातील 31व्या अध्यायात आईने अशक्तपणा सोसत मूल पोटात वाढवले याची आठवण दिली आहे आणि ईश्वराबरोबरच आई-वडिलांविषयीही कृतज्ञ राहण्यास सांगितले आहे. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही, असे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये आढळते. आपल्या मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. तेथे उरुसाच्या वेळी, 1937 साली निधन पावलेले गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. त्यांच्या घराण्याचे आणि इतरही कलावंत तेथे येऊन गातात-वाजवतात. गुरूचे आभार गाण्यातूनही मानता येतात, हे पाहायचे असेल तर लांब जाण्याची गरज नाही.

मराठी ख्रिस्ती माणसे आभाराच्या प्रार्थनेला ‘उपकारस्तुती’ असा नेमका शब्द वापरतात. शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. येशूंनी दहाही जणांना बरे केले, पण आभार मानायला एकटाच परत आला, आणि तो होता शोमरोनी, म्हणजे ज्यांना त्या काळचे लोक परके समजत असत त्यांच्यापैकी. उरलेले नऊ वाईट होते असे गोष्ट म्हणत नाही. मला वाटते, ते घरी पोहोचण्याच्या घाईत असावेत. आपणही बऱ्याचदा त्या नवांतलेच असतो.

जैन धर्माचे ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ हे सूत्र सांगली भागातील अनेक मंदिरांत आणि घरांत तुम्हाला दिसेल. सर्व जीव एकमेकांना साहाय्य करतात, असा त्याचा अर्थ आहे. शीख बांधवांच्या लंगरमध्ये सर्वजण एकाच पंगतीत जेवतात आणि भांडी घासणे हीही सेवाच मानली जाते. कोकणात स्थायिक झालेल्या बेने इस्राएली ज्यू समाजाची रीत तर तुम्हाला फारच जवळची वाटेल. नवस फेडताना किंवा एखादे शुभकार्य पार पडल्यावर ते एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण करून मलिदा करतात, आणि हा मलिदा म्हणजे गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे. प्रार्थना हिब्रू भाषेत आणि ताटात पोहे!

नोंदवही

प्रत्येकाने चाळीस पानी साधी वही घ्यावी. जुन्या वहीची कोरी पाने शिवून घेतली तरी चालेल, किंबहुना तेच अधिक चांगले. रोज परिपाठानंतर दहा मिनिटे लिहायचे आहे. डाव्या पानावर आज मिळालेली एकच वस्तू किंवा गोष्ट लिहा आणि तिचे छोटे चित्र काढा. उजव्या पानावर एकच प्रश्न असेल: हे कोणाच्या खांद्यावरून आले? ‘आई-बाबांचे आभार, शिक्षकांचे आभार, देवाचे आभार’ अशी रांग लावू नका. एकच माणूस, प्राणी किंवा झाड निवडा आणि त्याचे काम इतक्या जवळून लिहा, की वाचणाऱ्याला ते डोळ्यांसमोर दिसेल. उदाहरणार्थ, मी माझ्या वहीत लिहिलेली नोंद अशी आहे:

‘सोमवार. आज शाळेत खिचडी होती. स्वयंपाक करणाऱ्या मावशी साडेआठलाच आल्या होत्या. त्यांनी तांदूळ परातीत पसरले आणि खिडकीजवळ बसून खडे निवडले. मी मोजले, सात खडे निघाले. ते त्यांनी पदराच्या टोकात बांधून ठेवले आणि नंतर बाहेर टाकले. माझ्या घासात एकही खडा आला नाही. इतकी वर्षे मला वाटत होते, की तांदळात खडे नसतातच.’

पहिला आठवडा खाण्याच्या वस्तूंचा आहे. भाकरी, बेदाणे, गूळ, हळद यांपैकी काहीही चालेल. तासगावच्या द्राक्षबागेत किंवा उसाच्या फडात कोणी काम करत असेल, तर त्यांना काम करताना कोठे दुखते ते विचारा आणि तेच लिहा. ऊसतोड कामगारांची मुलेही आपल्या वर्गात हंगामापुरती येतात. त्यांनी स्वतःच्या घरच्या कामाविषयी लिहिले, तर त्यांच्या नोंदी आपल्या सर्वांपेक्षा खऱ्या असतील.

दुसऱ्या आठवड्यात सिगालच्या सहा दिशा आहेत. सोमवार ते शनिवार रोज एक दिशा घ्या. पश्चिम दिशेला तुमच्यासाठी घरातील लहान भावंडे ठेवली आहेत. वरच्या दिशेला कोणाला ठेवायचे, हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारून ठरवावे आणि शेजारच्या मुलाने वेगळे नाव लिहिले, तर त्याला त्याचे कारण विचारून घ्यावे. खालच्या दिशेसाठी शनिवार राखला आहे, कारण त्या दिवशी सकाळची शाळा असते आणि तुम्हाला बाहेर फिरून पाहता येईल.

तिसऱ्या आठवड्यात लिहिणे कमी आणि करणे जास्त आहे. आधीच्या नोंदींतील एक व्यक्ती निवडा आणि तिची ‘खांदमळणी’ करा, म्हणजे तिचे जे ओझे आहे त्यातलेच थोडे कमी करा. मागच्या वर्षी एका मुलीने आजीसाठी भेटकार्ड बनवले होते. ते सुंदर होते, परंतु आजीला वाचता येत नव्हते. मग तिने चार दिवस आजीऐवजी नळावरून पाणी आणले. त्या दिवसांची तिची नोंद एका ओळीची होती: ‘कळशी कमरेला लागते.’ त्या नोंदीत मला एकही शब्द वाढवावासा वाटला नाही.

वहीच्या शेवटचे पान दुमडून ठेवा. ज्याच्याविषयी तुम्हाला कृतज्ञ वाटत नाही, जे तुम्हाला त्रासदायक वाटते, ते तेथे लिहिले तरी चालेल. मार खाल्ल्याबद्दल किंवा उपाशी झोपल्याबद्दल कोणी आभार मानावेत, अशी अपेक्षा नाही. ते पान मी उघडणार नाही. मात्र तुम्हाला ते मला दाखवावेसे वाटले, तर मधल्या सुट्टीत मी वर्गातच असतो.

पालकांसाठी दोन शब्द. संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे संविधानाचे अनुच्छेद 28 सांगते. त्यानुसार या पाठात कोणत्याही धर्माची प्रार्थना म्हणून घेतलेली नाही, फक्त माणसे कशी वागतात याची माहिती दिलेली आहे. या वहीला गुण नाहीत आणि शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने काढल्या जाणार नाहीत. पाल्याने घरी ‘तुमचे कोठे दुखते?’ असे विचारले, तर कृपया ‘काही नाही’ असे उत्तर देऊ नये. त्याला उद्या सकाळी उजवे पान भरायचे आहे.