विषय: ऑफिसचे १० कॉम्प्युटर पुन्हा इन्स्टॉल करणे – कोटेशन हवे

नमस्कार सचिनराव,

नारायण पेठेतल्या आमच्या टॅक्स कन्सल्टन्सीच्या ऑफिसात दहा डेस्कटॉप आहेत, सगळे विंडोज १० वर. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या मशीनांवर लोकांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं असतात. म्हणून विंडोज ११ कोरं इन्स्टॉल करून हवं आहे, अपग्रेड नको.

आठ मशीन आय-५ आठव्या पिढीच्या, ८ जीबी रॅमच्या. त्यांतल्या पाचांत १ टीबीची हार्ड डिस्क आहे. तिथे ५०० जीबीची साटा एसएसडी टाकून जुनी डिस्क डी म्हणून ठेवा. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटची फाइल जुन्याच डिस्कवर जाते आणि ती डिस्क बिघडली की मशीन सुरूच होत नाही. उरलेल्या तीनांत एकच एसएसडी आहे आणि `msinfo32` मध्ये BIOS Mode समोर Legacy दिसतं. यूईएफआयसाठी ती डिस्क जीपीटी करताना सी बरोबर डी सुद्धा पुसली जाईल, म्हणून या तिघांचा बॅकअप आधी पूर्ण घ्यायचा. `tpm.msc` मध्येही तिथे टीपीएम सापडत नाही. बायॉसमध्ये पीटीटी चालू करावं लागेल.

राहिलेल्या दोन मशीन सहाव्या पिढीच्या. तपासणी चुकवून त्यांवर ११ चढवायचं नाही. त्याऐवजी आठव्या पिढीचे दोन रिफर्बिश्ड सीपीयू किती पडतील ते वेगळं लिहा. मॉनिटर जुनेच चालतील.

फॉरमॅटच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करायचं आहे. ते आमच्या अकाउंटंट करतील, त्या येईपर्यंत त्यांच्या मशीनला हात लावू नका. नंतर टॅली, डीएससी टोकनचे ड्रायव्हर, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि नेटवर्क प्रिंटर प्रत्येक मशीनवर हवेत. टोकन लावून सही होते का, हे समोर दाखवा. ड्रायव्हर इन्स्टॉल झाला तरी कधी कधी सही अडते, आणि ते नेमकं रिटर्न भरतानाच कळतं. मूळ विंडोजची डिजिटल लायसन्स आहेत, अ‍ॅक्टिव्हेटर अजिबात वापरू नका.

कोटेशनमध्ये दर मशीनमागची मजुरी, बॅकअप, एसएसडी (कंपनी व वॉरंटीसह) आणि जीएसटी वेगवेगळं दाखवा. एकरकमी आकडा नको, कारण दोन सीपीयूंचा निर्णय नंतरही होऊ शकतो. काम ऑफिसातच करायचं, डिस्क बाहेर न्यायची नाही.

वेळ: २० तारखेला ३बी भरून झाल्यावर, शनिवारी दुपारपासून रविवारपर्यंत. गुरुवार टाळू, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि आमचा यूपीएस जेमतेम दहा मिनिटं टिकतो. पहिल्या दिवशी एकच मशीन पूर्ण करून दाखवा, ती दोन तास वापरून मगच बाकीच्या घेऊ.

मशीन आधी पाहायच्या असतील तर उद्या अकरानंतर कधीही या.

कळावे,
मेधा