उंची, वाव आणि एक दोरा: नववीच्या वर्गात बेस्ट फिट लाइन

बसा बसा, उभं राहू नका, एकच तास मिळालाय आणि त्यातली दहा मिनिटं नारळ-सत्कारातच गेली. मी कराडला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. आज 29 जून, प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस, म्हणून 2007 पासून हा दिवस आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. त्यांनी 1931 साली कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली हे सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असतं, पण त्यांचं सुरुवातीचं काम कशावर होतं ते नसतं. माणसांच्या उंचीवर! कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या उंचीचे आकडे घेऊन ते बसले होते. म्हणून आज आपण पण उंचीच घेऊया.

उंची आणि वाव. वाव कुणाला माहितीये? हां, बरोबर, विहिरीचा दोर मोजताना आजोबा दोन्ही हात आडवे ताणतात ना, या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून त्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तो वाव. तुमच्या सरांना मी सांगून ठेवलं होतं, त्यांनी काल तुमच्यातल्याच दहा जणांची मापं घेतली, चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून. आकडे सेंटीमीटरमध्ये आहेत, फळ्यावर लिहिते, आधी उंची मग वाव:

141 – 138
145 – 146
149 – 145
150 – 153
152 – 147
153 – 156
156 – 150
158 – 160
159 – 155
167 – 170

नावं मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच एकमेकांना चिडवत बसाल. पण 156 वाला कोण ते तुम्हाला कळलंच असेल, हसू नका, त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

आता आलेख कागदावर उंची X-अक्षावर, वाव Y-अक्षावर, आणि प्रत्येकाचा एक टिंब. निर्देशक भूमितीत करता तेच, (141, 138), (145, 146) वगैरे. दहा टिंबं झाली. काय दिसतंय? सरळ रेषेत आहेत का? नाहीत. मग कशीही विखुरलीत का? तसंही नाही, खालून डावीकडून वर उजवीकडे चाललीत सगळी, पण डुलत डुलत. याला स्कॅटर प्लॉट म्हणतात. उंच पोरांचा वाव मोठा असणार हे सांगायला गणित लागत नाही, ते आज्जीपण सांगेल. गणित लागतं ते किती मोठा हे सांगायला.

हा घ्या दोरा. दोघं जण पुढे या, दोन टोकं धरा आणि फळ्यावरच्या टिंबांमधून असा ताणा की तुम्हाला वाटेल हां, ही रेषा बरी बसली. ...थोडा वर. ...बघा, तो म्हणतोय वर घ्या, ती म्हणतेय खाली घ्या, आणि मागच्या बाकावरून तिसरंच काहीतरी येतंय. वर्गात चाळीस पोरं असतील तर चाळीस रेषा निघतील, आणि मग भांडण मिटवायचं कसं? कुणाचा आवाज मोठा त्याची रेषा बरोबर असं तर चालणार नाही ना. काही जण म्हणतील जास्तीत जास्त टिंबांतून जाईल ती घ्या. पण तसं केलं तर दोन टिंबांतून नेमकी जाणारी रेषा बाकीच्या आठांपासून लांब जाऊ शकते, ती काय कामाची.

तर भांडण मिटवायला चूक मोजायची. एखाद्या रेषेने 156 उंचीच्या पोराचा वाव अमुक सांगितला आणि खरा वाव 150 निघाला, तर रेषा किती चुकली? टिंबापासून रेषेपर्यंतचं उभं अंतर, बस. तिरकं नाही, उभं, कारण उंची आपल्याला माहितीये, अंदाज वावाचा करतोय, तर चूकही वावाच्याच दिशेने मोजायची. दहा टिंबं, दहा चुका. टिंब रेषेच्या वर असेल तर चूक अधिक, खाली असेल तर उणे.

आता या चुका नुसत्या बेरीज करून चालत नाहीत, इथे गंमत आहे. समजा एक आळशी माणूस आला आणि म्हणाला, मला उंची बिंची बघायची नाही, दहाही वावांची सरासरी काढली ती 152 आली, मी सगळ्यांना 152 सांगणार. त्याची रेषा आडवी, एकदम सपाट. त्याच्या चुकांची बेरीज करा: -14, -6, -7, 1, -5, 4, -2, 8, 3, 18. किती आली? शून्य! अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि एवढी टुकार रेषा शून्य चुकांची ठरते. म्हणून प्रत्येक चुकेचा वर्ग करायचा, मग बेरीज. वर्ग केला की उणे गेलं, आणि शिवाय मोठी चूक जास्त महागात पडते, 2 ची चूक 4 होते पण 18 ची चूक 324 होते. या आळशी माणसाची बेरीज येते 724. वहीत लिहा, 724.

दुसरा माणूस म्हणतो वाव म्हणजे उंचीच, जेवढी उंची तेवढाच वाव. हा माणूस साधासुधा नाही, याच्या मागे लिओनार्दो दा विंची उभा आहे. ते चित्र पाहिलंय ना, हात पसरलेला माणूस वर्तुळात आणि चौकोनात, साधारण 1490 चं. तो चौकोन म्हणजे हेच, उंची आणि वाव सारखे, आणि हे त्याच्याही खूप आधी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने लिहून ठेवलं होतं. आपल्या आकड्यांवर ही रेषा लावली तर चुका येतात -3, 1, -4, 3, -5, 3, -6, 2, -4, 3. वर्गांची बेरीज तुम्हीच करा... 134, बरोबर. 724 वरून डायरेक्ट 134! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा नियम पाटण तालुक्यातल्या नववीच्या पोरांनाही बराच लागू पडतोय.

मग याहून कमी होईल का? होते. सगळ्या शक्य रेषांमध्ये वर्गांची बेरीज सगळ्यात कमी जिची येते, ती बेस्ट फिट लाइन. बेस्ट म्हणजे दिसायला छान असं नाही, एवढाच एक नियम आहे. आणि ती शोधायला हजार रेषा लावून बघाव्या लागत नाहीत, तिचा एक बिंदू आधीच पक्का असतो, सरासरी उंची आणि सरासरी वाव, आपल्याकडे (153, 152). तिथे फळ्याला टाचणी मारा, दोरा टाचणीला टेकवून धरा, आता वरखाली नाही, फक्त फिरवायचंय. फिरवायचं किती, म्हणजे रेषेचा चढ किती? प्रत्येकाची उंची सरासरीपेक्षा किती जास्त-कमी आणि वाव सरासरीपेक्षा किती जास्त-कमी, यांचा गुणाकार करायचा, आणि दहाही गुणाकारांची बेरीज. पहिल्या पोरासाठी -12 गुणिले -14, म्हणजे 168. दहांची बेरीज 550. मग नुसत्या उंचीच्या फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज 500. 550 भागिले 500, चढ 1.1. हाच भागाकार का, ते बारावीनंतर नीट कळेल, आत्ता एवढं लक्षात ठेवा की वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईपर्यंत टाचणीवर दोरा फिरवत राहिलात तर तुम्ही जिथे थांबाल, तिथेच हा भागाकार नेऊन थांबवतो. आणि रेषा टाचणीतूनच जायची, म्हणजे उंची 153 ला वाव 152 यायला हवा; 1.1 गुणिले 153 होतात 168.3, म्हणून 16.3 वजा करायचे:

वाव = 1.1 × उंची − 16.3

हिच्या चुकांच्या वर्गांची बेरीज 119. कॉम्प्युटर लॅबमध्ये पडताळून बघा, A कॉलममध्ये उंची, B मध्ये वाव, दुसऱ्या ओळीपासून:

```
=SLOPE(B2:B11,A2:A11)
=INTERCEPT(B2:B11,A2:A11)
```

134 आणि 119, फरक फार नाही हे पण बघा हं. त्यामुळे दहा पोरांच्या जोरावर लिओनार्दो चुकला असं मी तरी म्हणणार नाही. उद्या दुसरे दहा घेतले तर चढ 0.97 पण येऊ शकतो.

ही वर्गांची बेरीज सगळ्यात कमी करण्याची, म्हणजे लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत छापली पहिल्यांदा लजांद्र नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने, 1805 साली, धूमकेतूंच्या कक्षा काढायला. चार वर्षांनी गाऊस नावाचा जर्मन गणितज्ञ म्हणाला मी तर हे 1795 पासून वापरतोय! मग काय, जुंपली. मोठी माणसं पण भांडतात, फक्त तुमच्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

आता वापर. समजा आज गैरहजर असलेल्या मुलीची उंची 155 आहे. 1.1 गुणिले 155, 170.5, वजा 16.3, अंदाज 154.2. नेमका तेवढाच निघेल का? नाही निघणार, आपल्या 156 वाल्याचाच बघा ना, रेषा म्हणते 155.3 आणि त्याचा आहे 150, पाच सेंटीमीटर कमी. याचा अर्थ त्याच्यात काही बिघाड आहे असा नाही, माणसं अशीच असतात, आणि रेषेपासून सगळ्यात लांबचा कुणीतरी एक असणारच. तू नसतास तर दुसरा कुणीतरी असता, टेन्शन घेऊ नकोस.

पण नवजात बाळाला ही रेषा लावाल तर फसाल. बाळ साधारण 50 सेंटीमीटर, रेषा म्हणते वाव 38.7. खरा वाव लांबीपेक्षा जरासाच कमी असतो, अकरा सेंटीमीटरने नाही. आणि उंची शून्य टाकली तर वाव उणे 16.3! उणे हात कुणाचे असतात? रेषेला 141 ते 167 एवढंच जग माहितीये, तिला त्याच्या बाहेरचं विचारलं तर ती लाजत नाही, बिनधास्त उत्तर देते, लाजायचं आपण.

दुसरं, मापं लिहिताना झोपू नका. समजा 167 वालीचा वाव 170 ऐवजी कुणी 107 लिहिला, आकड्यांची नुसती अदलाबदल. परत गणित केलं तर चढ येतो उणे 0.66! म्हणजे पोरगं जेवढं उंच तेवढे हात आखूड. नऊ आकडे बरोबर असून एका आकड्याने अख्खी रेषा उलटी केली, कारण ती टोकाला आहे, टाचणीपासून सगळ्यात लांब, तिथून ओढलं की दोरा जास्त फिरतो, वर चूक मोठी आणि तिचा वर्ग तर त्याहून मोठा. म्हणून आधी टिंबं काढून डोळ्यांनी बघायचं, मग सूत्र. नुसतं एक्सेलमध्ये आकडे ओतून चढ वाचणारी माणसं मला कॉलेजात पण भेटतात.

अजून एक, हे जरा अवघड आहे, पण विचारून जाते. डॉक्टरांना कधीकधी उलटं लागतं, पेशंटला उभं राहता येत नाही किंवा पाठीला बाक आलाय, तेव्हा वाव मोजून उंचीचा अंदाज काढतात. मग आपलंच समीकरण उलटं सोडवायचं का? वाव 170 असेल तर त्यातून उंची येते 169.4. पण उंचीच्या दिशेने चुका मोजून नवीन रेषा काढली तर येते 166.7. आकडे तेच दहा, रेषा दोन. का? घरी विचार करा, उभ्या अंतराचं मी काय म्हटलं होतं ते आठवा.

चला आता, शिंपी टेप चार आहेत, चार गट करा. एक जण उभा राहील, एक मोजेल, एक लिहील, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत वाचून दाखवायचा. भिंतीला पाठ पूर्ण टेकली पाहिजे, खांदे उचलायचे नाहीत. 156 वाल्या, तू मोजायला ये.