या आठवड्यात गाडी कुठे?

ठाणेकर, सोमवारी गाडीला सुट्टी. मंगळवारपासून तवा तापणार! 🔥

📍 मंगळवार, बुधवार: वागळे इस्टेट, रोड नंबर 16. दुपारी 12 ते 3. डबा न आणलेल्यांसाठी थालीपीठ-लोणी आणि मसालेभात. मंगळवारी फक्त व्हेज. ऑफिसची ऑर्डर असेल तर 11 च्या आत मेसेज टाका, 1 वाजता रांगेत उभं राहून घड्याळाकडे बघू नका.

📍 गुरुवार, शुक्रवार: तलावपाळी, गडकरी रंगायतनच्या जवळ. संध्याकाळी 6.30 ते 10.30. गुरुवारी कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वडा, शुक्रवारी खिमा पाव. पार्किंगच्या भानगडीत पडू नका, स्टेशनहून चालत या. तेवढीच भूक लागेल.

📍 शनिवार: हिरानंदानी इस्टेट, संध्याकाळी 6 ते 11. कोळंबी भात एकच पातेलं, संपला की संपला. ठेवून द्या म्हणणाऱ्यांनी आधी पैसे पाठवायचे, मागच्या वेळी ठेवलेल्या प्लेटी आम्हीच खाल्ल्या 😄

📍 रविवार: उपवन तलाव, सकाळी 7 ते 11. मिसळ! तर्री वेगळी मिळते, मुलांना बिनतिखट उसळ आहे. एक्स्ट्रा पाव 5 रुपये. वॉक करून आलात की नाही, आम्ही विचारणार नाही.

जोराचा पाऊस आला तर तलावपाळी आणि उपवन रद्द. स्टोरीवर दुपारी 4 पर्यंत सांगू, रविवारचं पहाटे 6 ला. सुटे असतील तर आणा, यूपीआय चालतंच.

जैन थालीपीठ हवं असेल तर आदल्या रात्री कळवा, पीठ वेगळं मळावं लागतं.

#ठाणे #ठाणेकर #तलावपाळी #उपवन #मिसळ